विवाहसंस्थळाने '१२ होकाराची स्थळं' सांगून ३५,४०० घेतले, खरी आली दोन. काही रक्कम परत मागता येते का?

मुक्ता_मिरज | ४ ऑगस्ट

नमस्कार मंडळी. धागा माझ्या धाकट्या भावासाठी काढतेय. वय ३१, डिप्लोमा, चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. घर मिरजेला, थोडी शेती. एका मोठ्या विवाहसंस्थळावर त्याचं फुकटचं खातं वर्षभर होतं. नाव लिहीत नाही, उगाच धागा उडायला नको.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तिथल्या एका बाईंचा फोन आला. आवाज गोड, बोलणं आपल्याकडचंच. "ताई, दादांचं प्रोफाइल छान आहे, फक्त कोणी पुढे ढकलत नाहीये. आमच्या खास सेवेत एक माणूस फक्त तुमच्यासाठी. ३ महिन्यांत १२ स्थळं, तीही मुलीकडून होकार घेऊनच." मी म्हटलं लिहून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला मेसेज जसाच्या तसा: "३ महिने, १२ होकार आलेली स्थळं, पर्सनल मॅनेजर. आज रात्री १२ पर्यंतच ३०,००० अधिक जीएसटी, उद्यापासून ४५,०००." आई मागे उभी. रात्री साडेदहाला माझ्या कार्डावरून ३५,४०० भरले.

त्यानंतर दर शनिवारी एक पीडीएफ. तीन महिन्यांत १४ बायोडेटा आले. आम्ही प्रत्येकाला फोन केला, वहीत लिहून ठेवलंय. दोन ठिकाणी खरंच बोलणं झालं, त्यातलं एक इचलकरंजीला कांदेपोह्यांपर्यंत गेलं. पाच मुली अशा की भावाने फुकटच्या खात्यावरूनच त्यांना आधी विचारलं होतं आणि त्यांचं उत्तर नव्हतं किंवा नकार होता. तिघींचा साखरपुडा झालेला. उरलेल्या चार घरांत "आम्ही कुणाला होकार दिला? आम्हाला काहीच माहीत नाही" असं उत्तर. एका काकांनी तर मलाच झापलं.

कंपनी म्हणते, बाराच्या जागी चौदा दिली, सेवा पूर्ण झाली, शुल्क परत मिळत नाही, अटी वाचा. लग्न जमलं नाही म्हणून मी भांडत नाहीये. पूर्ण पैसेही नकोत. जे दिलंच नाही तेवढ्याचे परत हवेत. ते मागता येतात का, आणि कुणाकडे?

---

जयंत_ना_धों | ४ ऑगस्ट

बँकेत ३४ वर्षं काढली आहेत. सोपा मार्ग सांगतो. कार्डाने भरलेत ना? बँकेला "चार्जबॅक" म्हणून कळवा, पैसे कंपनीकडून खेचून तुमच्या खात्यात येतात. आणि सोबत पोलिसांत फसवणुकीची तक्रार ठोका, दुसऱ्या दिवशी मॅनेजर पाया पडत येईल.

---

सुलभा_वहिनी | ४ ऑगस्ट

मुक्ता, राग मानू नकोस पण चाकणला नोकरी आणि मिरजेला शेती हे आजकालच्या मुलींना चालत नाही. भावाच्या अपेक्षा काय आहेत? नाडीचा प्रश्न आहे का? आमच्या पुतण्याची एकनाड अडत होती, सगळं गुणमेलन बाजूला ठेवलं आणि आमच्या पेठेतल्या मंडळात ५०० रुपये भरून नाव घातलं. तिथल्या आजी स्वतः रजिस्टर उघडून बसतात. चार महिन्यांत जमलं. या संस्थळांच्या नादाला लागूच नये.

---

मुक्ता_मिरज | ४ ऑगस्ट

वहिनी, प्रश्न लग्नाचा नाही हो, पैशाचा आहे. मंडळाचा पत्ता मात्र नक्की पाठवा.

---

ओंकार_के | ५ ऑगस्ट

कडू वाटेल, पण तुमचा मुद्दा मला पटलेला नाही. तिसऱ्याच्या मनातला होकार कोण विकू शकतं? समोरच्या मुलीने काल होकार दिला आणि आज बापाने नाही म्हटलं तर संस्थळाने काय करायचं? चौदा माणसांची माहिती गोळा करून दिली, कुणीतरी तीन महिने फोन केले, त्याचा पगार कुठून जाणार? जिमचे पैसे भरून पोट कमी झालं नाही म्हणून कुणी परत मागतं का?

---

हेडफोन_उतरवला | ५ ऑगस्ट

ओंकार, मी असल्याच एका कंपनीत (ही तीच की दुसरी, माहीत नाही, विचारूही नका) अडीच वर्षं त्या "पर्सनल मॅनेजर"च्या खुर्चीवर होतो. पर्सनल म्हणजे काय, तर माझ्याकडे एका वेळी ऐंशी-नव्वद "पर्सनल" दादा असायचे. "होकार" कसा तयार होतो ते सांगतो.

मुलीच्या वडिलांचं खातं फुकटचं असतं. मी त्यांना फोन करायचो, "काका, सांगली जिल्ह्यातला एक इंजिनिअर मुलगा आहे, प्रोफाइल पाठवू का?" काका बाजारात असतात, म्हणतात "पाठवा". झालं. माझ्या स्क्रीनवर मी "इच्छुक" असा शिक्का मारायचो आणि तो बायोडेटा शनिवारच्या पीडीएफमध्ये. काकांनी मुलाचा फोटोसुद्धा पाहिलेला नसायचा. तेच काका त्या आठवड्यात आणखी पाच-सहा जणांच्या पीडीएफमध्ये. म्हणून ते तुमच्यावर खेकसले, त्यांचा दोष नाही. महिनाअखेरीला आकडा भरायचा असला की साखरपुडा झालेलीही जायची, कारण खातं बंद करायला कुणी सांगितलेलं नसतं.

हे ओळखायचं कसं? भावाच्या खात्यात लॉगिन करा आणि "स्वीकारलेल्या विनंत्या" असं जे पान असेल ते उघडा. मुलीकडच्यांनी स्वतः बटण दाबून होकार दिला असेल तर तो तिथे तारीख-वेळेसकट दिसतो. फोनवरच्या "पाठवा"ची नोंद तिथे येत नाही, ती फक्त आमच्या आतल्या पडद्यावर. चौदापैकी किती तिथे दिसतात ते मोजा, पानाचे फोटो काढा. आणि हे आज करा, मुदत संपली की काही ठिकाणी जुन्या नोंदी दिसेनाशा होतात.

---

मुक्ता_मिरज | ५ ऑगस्ट, रात्री

हेडफोन, हात जोडते तुम्हाला. आत्ता भावाला व्हिडिओ कॉलवर घेऊन पाहिलं. त्या पानावर चौदापैकी एकच दिसतं, इचलकरंजीचं. दुसरं जे खरं होतं ते फोनवर ठरलेलं, म्हणून दिसत नसेल. बाकी बारा नाहीतच. सगळ्या पानांचे फोटो काढले.

---

तराजू | ६ ऑगस्ट

उशिरा आलो. ग्राहक संघटनेच्या तक्रार केंद्रात आठवड्यातून एक दुपार बसतो, तिथे विवाहसंस्थळांच्या तक्रारी नेमाने येतात. बहुतेक लोक एकच चूक करतात: "लग्न जमलं नाही, पैसे द्या." त्याला कंपनीचं उत्तर तयारच असतं, आणि ते ओंकार म्हणतात तेच आहे. लग्नाची हमी कुणीच देत नाही, अटींमध्येही तसं साफ लिहिलेलं असतं. मुक्ताताईंची गोष्ट वेगळी आहे. त्यांना मोजता येईल अशी वस्तू विकली होती: बारा, आणि तीही होकार आलेली. मोजून दिलेलं वचन मोजूनच तपासता येतं. ओंकार, जिमने पोट कमी करायचं नाही तर बारा दिवस शिक्षक द्यायचं लिहून दिलं आणि दोनच दिवस शिक्षक आला, तर?

आता आकडा. "काहीतरी परत द्या" म्हटलं की कंपनी तीन महिने मुदत वाढवून देते आणि गाडी पुन्हा त्याच रुळावर. म्हणून हिशेब आपणच मांडायचा, आणि कंपनीने जे खरंच दिलं ते आधी प्रामाणिकपणे वजा करायचं. ताई, त्या संस्थळाची साधी तीन महिन्यांची वर्गणी किती आहे? कारण खास सेवेत ती धरलेली असते, फोन नंबर पाहायला मिळणं वगैरे. ते तुम्ही वापरलंत.

---

मुक्ता_मिरज | ६ ऑगस्ट

जीएसटी धरून ५,९०० दाखवतंय.

---

तराजू | ६ ऑगस्ट

मग असं. ३५,४०० मधून ५,९०० साध्या वर्गणीचे गेले. उरले २९,५००, ते बारा होकारांचे. एका स्थळाला साधारण २,४५८. दोन खरी आली, त्यांचे ४,९१७ कंपनीचे. दहा आली नाहीत, त्यांचे २४,५८३ तुमचे. मागणी या आकड्याची करा. गोल २५,००० लिहू नका, गोल आकडा घासाघीस करायला काढलेला वाटतो.

वाचणाऱ्याला वाटेल, चौदापैकी पाच "आधीच विचारलेल्या" मुली का सोडायच्या, त्याही स्थळंच ना? पण जिचा नकार भावाच्या खात्यात आधीच पडलेला आहे, तिला तीन महिन्यांनी होकार म्हणून पाठवणं ही सर्वांत भक्कम चूक आहे, कारण दोन्ही नोंदी कंपनीच्याच संगणकात आहेत. या पाचांना तक्रारीत वर ठेवा. साखरपुड्याची तीन त्यानंतर. "आम्हाला माहीत नाही" म्हणणारी चार घरं शेवटी, कारण तिथे तुमच्या शब्दाविरुद्ध कंपनीचा शब्द आहे, आणि त्या लोकांना साक्षीला ओढणं बरं दिसत नाही.

पत्र कंपनीच्या ग्राहकसेवेला नको. संस्थळाच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तो द्यावाच लागतो. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. ईमेल छोटा ठेवा. मी असा लिहीन:

"दि. अमुक रोजी आपल्या प्रतिनिधीने व्हॉट्सअ‍ॅपवर ३ महिन्यांत १२ होकार आलेली स्थळं देण्याचं लेखी कळवलं (प्रत जोडली आहे). प्रत्यक्षात २ मिळाली. बाकी १२ बायोडेटांचा तपशील सोबतच्या तक्त्यात. या प्रत्येक स्थळाचा होकार कोणत्या तारखेला, किती वाजता आणि कोणत्या मार्गाने मिळाला त्याची नोंद द्यावी. नोंद नसल्यास न दिलेल्या १० स्थळांचे रु. २४,५८३ मूळ कार्डावर परत करावेत. मुदतवाढ मान्य नाही."

शेवटचं वाक्य विसरू नका. आणि मधलं, नोंद मागण्याचं, हेच खरं पत्र आहे. ती नोंद त्यांच्याकडे नसते.

जयंतकाका, चार्जबॅकबद्दल अर्धं बरोबर आहे. बँकेला कळवून ठेवायला हरकत नाही, पण बँक कंपनीला विचारते, कंपनी चौदा पीडीएफ दाखवते आणि सेवा दिली म्हणून दावा बंद होतो. शिवाय त्याला मुदत असते. पोलिसांचं म्हणाल तर सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, आणि इथे दोन स्थळं खरी आहेत. ठाण्यात तुम्हाला "हा दिवाणी मामला" म्हणून परत पाठवतील.

---

जयंत_ना_धों | ६ ऑगस्ट

बरं. माझ्या वेळी कार्डाचे दावे बरेच सुटायचे, पण ते वस्तू न आल्याचे असायचे, हे मान्य.

---

कानडी_कुलकर्णी | ७ ऑगस्ट

बेंगळुरूहून. इथल्या जिल्हा ग्राहक आयोगाचा २०२४ चा निकाल वर्तमानपत्रांत आला होता. एका वडिलांनी मुलासाठी ३०,००० भरले होते, ४५ दिवसांत मुलगी दाखवू असं सांगितलं गेलं होतं, एकही दाखवली नाही. आयोगाने ३०,००० परत आणि वर नुकसानभरपाई, खर्च मिळून आणखी ३०,००० द्यायला लावले. मुक्ताताई, तुम्ही पूर्ण पैसे आणि वर भरपाई का मागत नाही? तसंच "परत मिळणार नाही" ही अट एकतर्फी करार म्हणून जिल्हा आयोगाकडून रद्दच करून घ्या.

---

तराजू | ७ ऑगस्ट

तो निकाल उपयोगाचा आहे, जोडावा. पण दोन गोष्टी. जिल्हा आयोगाचा निकाल दुसऱ्या जिल्ह्यावर बंधनकारक नसतो, आणि तिथे काहीच दिलं नव्हतं, इथे दोन दिली आहेत. म्हणून पूर्ण रक्कम मागून आपलं म्हणणं लंगडं करू नये. भरपाई वेगळी मागता येते, ती ईमेलमध्ये नाही, पुढे आयोगात गेलात तर.

दुसरं, कराराची अट "एकतर्फी" म्हणून रद्द करून घ्यायची मागणी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात जिल्हा आयोगात चालत नाही, ती राज्य आयोगापासून सुरू होते. ती वाट धरलीत तर सांगलीऐवजी राज्य आयोगाच्या खेपा. अटीच्या मागे न लागता "सेवेत त्रुटी" आणि "अनुचित व्यापारी प्रथा" एवढंच मांडा, ते जिल्ह्यात चालतं. कमतरता असलेली सेवा देऊन पैसे परत करायला नकार देणं हे त्या व्याख्येतच बसतं, त्यामुळे "परत मिळणार नाही" ही ओळ तशीही शेवटचा शब्द ठरत नाही. "आज रात्री १२ पर्यंतच" हेही लिहा. डार्क पॅटर्न, म्हणजे ग्राहकाला भुलवून खर्च करायला लावणाऱ्या युक्त्या, त्यांच्यावरच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत खोटी घाई लावणं हे नावानिशी आहे. दुसऱ्या दिवशी खरंच ४५,००० दर होता का, ते कुणी पाहिलं असेल तर सोन्याहून पिवळं.

---

मुक्ता_मिरज | ७ ऑगस्ट

नाही पाहिलं. पण मे महिन्यात त्याच बाईंनी माझ्या नणंदेला "आज रात्रीपर्यंतच ३०,०००" असा मेसेज पाठवला होता. तो आहे तिच्याकडे!

अजून एक. पैसे माझ्या कार्डावरून, खातं भावाचं. तक्रार कुणी करायची? आणि अटींमध्ये "वाद फक्त अमुक शहरातील न्यायालयात" असं आहे, ते शहर १,००० किलोमीटरवर.

---

तराजू | ७ ऑगस्ट

नणंदेचा मेसेज पहिल्या पानावर लावा.

तक्रार दोघांच्या नावाने करा. ज्याने पैसे भरले तो ग्राहक, आणि ज्याच्यासाठी त्याच्या संमतीने सेवा घेतली तोही ग्राहक. शहराचं म्हणाल तर २०१९ च्या कायद्याने तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे दावा लावता येतो. तुम्हाला सांगली, भावाला पुणे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी शून्य, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षं. पण आधी ईमेल, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कंपनीकडे तक्रार पोचवते, हुकूम देऊ शकत नाही. तरी बऱ्याच कंपन्या तिथे नरमतात. व्हॉट्सअ‍ॅपचे फोटो आयोगात देताना सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र लागतं, ते तेव्हा बघू. तोवर तो फोन बदलू नका, चॅट पुसू नका.

---

पिंट्या_७८६० | ९ ऑगस्ट

माझे पण दर महिन्याला ४९९ कापले जातात, संस्थळ सोडून आठ महिने झाले. हेच पत्र चालेल का?

---

हेडफोन_उतरवला | ९ ऑगस्ट

नाही हो, तुमचं आपोआप नूतनीकरणाचं आहे. आधी बँकेच्या किंवा यूपीआयच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ऑटोपे बंद करा, मग वेगळा धागा काढा.

---

मुक्ता_मिरज | २८ ऑगस्ट

काय झालं ते सांगते. ८ तारखेला ईमेल टाकला. दोन दिवसांत पोच आली. आठव्या दिवशी फोन, "ताई, खास तुमच्यासाठी तीन महिने मोफत." मी म्हटलं ईमेल वाचलात का, शेवटची ओळ? मग ईमेलने उत्तर आलं, त्यात चौदा नावांपुढे नुसतं "इच्छुक". तारीख नाही, वेळ नाही. तराजू म्हणाले होते तस्संच. तेवढंच उत्तर जोडून १९१५ वर तक्रार नोंदवली. पाच दिवसांनी कंपनीच्या मोठ्या साहेबांचा फोन. पहिल्यांदा १०,०००, मग ओढून ताणून १७,७००, म्हणजे बरोबर निम्मे. अट अशी की ईमेलने "पूर्ण व अंतिम तडजोड" लिहून द्यायची आणि आम्ही गुगलवर लिहिलेला अभिप्राय काढायचा.

भाऊ म्हणतो घे. त्याच्या कंपनीत सुट्टी मागणं म्हणजे... आणि आयोगात "माझं लग्न जमत नाही" हे कागदावर नको म्हणतो. आई म्हणते सहा हजार ८८३ कशाला सोडायचे, मी तर येते तारखेला. माझं मन अजून होत नाही.

---

कानडी_कुलकर्णी | २८ ऑगस्ट

आईंच्या बाजूने. लढा.

---

ओंकार_के | २८ ऑगस्ट

माझं मत थोडं बदललंय हे कबूल. ती नोंद त्यांना देता आली नाही, तिथेच कळलं. तरी निम्मे मिळतायत, घ्या.

---

तराजू | २८ ऑगस्ट

हे मी ठरवू शकत नाही, घरातला माणूस तारखांना किती जाऊ शकतो यावर आहे. कायद्यात तीन महिन्यांत निकाल लावायचं लिहिलंय, प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष धरून चाला. घेणार असाल तर दोन बदल करून घ्या. पैसे खात्यात पडल्यावर तडजोड लागू, आधी नाही. आणि अभिप्राय काढण्याच्या जागी "प्रश्न सुटला" एवढी भर घालू असं लिहा. खरं लिहिलंय ते पुसायची गरज नाही, मानले तर मानले.

---

मुक्ता_मिरज | १२ सप्टेंबर

घेतले. अभिप्रायाचं त्यांनी मानलं. १७,७०० काल कार्डावर आले. आई माझ्याशी दोन दिवस धड बोलली नाही.

आता नवीनच. आज सकाळी भावाला कोल्हापूरहून एका गृहस्थांचा फोन, "तुम्ही आमच्या मुलीला होकार दिलाय म्हणे, पत्रिका पाठवा." म्हणजे आमचा दादा अजून कुणाच्या तरी शनिवारच्या पीडीएफमध्ये फिरतोय. खातं आम्ही २ तारखेलाच बंद केलं होतं. हेडफोन, हे कुठून थांबवायचं?

---

हेडफोन_उतरवला | १२ सप्टेंबर

खातं "बंद" केलं की "काढून टाका" केलं? दोन वेगळी बटणं असतात. बंद केलेलं आतल्या पडद्यावर दिसतच राहतं. त्याच तक्रार अधिकाऱ्याला ईमेल टाका, प्रोफाइल, फोटो आणि फोन नंबर काढून टाकल्याची लेखी खात्री मागा.

---

सुलभा_वहिनी | १२ सप्टेंबर

कोल्हापूरचं स्थळ कसं आहे ते तरी विचारलंत का?